ते नऊ हजार रुपये व्याजाचे आहेत

माझा भाचा शनिवार-रविवार ऑप्शन शिकवणाऱ्या एका क्लासला जातो. क्लासचे नाव इथे सांगत नाही, कारण माझे भांडण त्या एका क्लासशी नाही. अशी पुस्तिका आज कुठल्याही शहरात मिळेल. त्याने मला ती वाचायला दिली आणि विचारले, ‘मामा, हे खरंच इतकं सोपं आहे का?’ पुस्तिकेतले एक प्रकरण ‘पुट-कॉल पॅरिटी’वर आहे. त्याचा मथितार्थ असा : निफ्टी जिथे आहे त्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट यांची किंमत सारखी असायला हवी, ती नसली तर बाजार चुकला, आणि ती चूक बिनजोखमीने खिशात घालता येते. खाली उदाहरण आहे, चौकटीत, जाड ठशात.

त्याच उदाहरणावर बोलू. निफ्टी २५,०००. एक्स्पायरीला तीस दिवस. २५,०००च्या स्ट्राइकचा कॉल ४१०, पुट २९०. पुस्तिका म्हणते, कॉल १२० अंशांनी महाग आहे. मग कॉल विका, पुट घ्या आणि निफ्टीचा ईटीएफ तेवढ्याच प्रमाणात घ्या. निर्देशांक वर जावो की खाली, १२० अंश तुमचे. लॉट ७५चा धरला तर ९,००० रुपये, जोखीम शून्य. (लॉटचा आकार एनएसई अधूनमधून बदलते, इथे मी पुस्तिकेतलाच धरतो.)

आधी त्यांचे जे बरोबर आहे ते मान्य करू. जोखीम खरोखरच शून्याजवळ आहे. निफ्टी २५,८००वर बंद झाला, तर विकलेल्या कॉलमध्ये ८०० अंश जातात आणि ईटीएफमध्ये ८०० मिळतात. तो २४,३००वर बंद झाला, तर ईटीएफमध्ये ७०० जातात आणि पुट ७०० देतो. कुठेही बंद होवो, शेवटी हातात बरोबर २५,००० राहतात. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्स्पायरीच्या दिवशीच त्यांचा निकाल लागतो, आधी कोणी ते वटवू शकत नाही. म्हणून मधल्या तीस दिवसांत या रचनेला धक्का लागत नाही. शेअर, अधिक पुट, वजा कॉल म्हणजे ठरलेल्या दिवशी मिळणारी ठरलेली रक्कम. पॅरिटी म्हणजे एवढेच.

पण ठरलेल्या दिवशी ठरलेली रक्कम देणाऱ्या वस्तूला आपण रोजच्या बोलण्यात काय म्हणतो? ठेव म्हणतो. आणि ठेवीवर मिळते त्याला नफा म्हणत नाही, व्याज म्हणतो.

पुस्तिकेने विचारला नाही तो प्रश्न विचारू : या व्यवहाराला आज पैसे किती लागले? ईटीएफचे २५,०००, त्यातून कॉलचे आलेले ४१० वजा, पुटचे दिलेले २९० अधिक : २४,८८०. गुणिले ७५, म्हणजे अठरा लाख सहासष्ट हजार रुपये. तीस दिवसांनी परत आले अठरा लाख पंचाहत्तर हजार. वर आले ते नऊ हजार. वर्षाच्या हिशेबात हा दर ५.८७ टक्के पडतो. त्या महिन्यात निफ्टीतल्या कंपन्यांनी लाभांश दिला आणि तो ईटीएफच्या पोटात जमा झाला, तो १५ अंश धरला तर आणखी १,१२५ रुपये येतात आणि दर ६.६ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे बँकेतली मुदत ठेव, कमी-अधिक तेवढीच. पुस्तिकेने ‘बाजाराची चूक’ म्हणून जे जाड ठशात छापले आहे, ते अठरा लाख सहासष्ट हजारांचे महिन्याचे व्याज आहे.

दलाल स्ट्रीटवर ज्यांनी जुने दिवस पाहिले, त्यांना हे सांगावे लागणार नाही. तिथे याला ‘बदला’ म्हणत. सौदा पुढच्या वळणापर्यंत खेचायचा तर पैसे लावणाऱ्याला जे द्यावे लागे तो बदला, आणि तो वर्षाच्या टक्क्यांतच बोलला जाई. जुलै २००१मध्ये बदला बंद झाला, निर्देशांकावरचे ऑप्शन त्याच्या महिनाभर आधी सुरू झाले होते. पद्धत बदलली, व्याज कुठेही गेले नाही. कॉल आणि पुट यांच्या किमतीतल्या फरकात ते शांतपणे बसून आहे. कॉल घेणाऱ्याला निर्देशांकाची चढ मिळते, पण २५,००० रुपये तीस दिवस त्याच्याच खात्यात राहतात. त्या सवलतीची किंमत तो कॉलमध्ये मोजतो. पुट घेणाऱ्याचे उलट आहे. त्याला विक्रीचे २५,००० आज नव्हे, तीस दिवसांनी मिळणार आहेत, म्हणून पुट तेवढा स्वस्त.

आता समीकरण मांडू, पण पूर्ण मांडू :

कॉल − पुट = निर्देशांक − मधल्या काळातला लाभांश − स्ट्राइकचे आजचे मूल्य

स्ट्राइकचे आजचे मूल्य म्हणजे तीस दिवसांनी २५,००० हवे असतील तर आज किती ठेवावे लागतील. साडेसहा टक्के दराने ते २४,८६७ होतात. उजवी बाजू : २५,००० वजा १५ वजा २४,८६७, म्हणजे ११८. डावी बाजू : ४१० वजा २९०, म्हणजे १२०. उरली तफावत दोन अंशांची. घेण्याच्या आणि विकण्याच्या भावातल्या फटीतच ती संपते. पुस्तिकेला १२० अंशांची चूक दिसली, कारण समीकरणातली दोन पदे तिने लिहिलीच नव्हती. खरे तर त्या दिवशी कॉल आणि पुट सारख्याच किमतीला असते तरच डोळे चोळून पाहण्यासारखे काही होते : कॉल विकत घेणाऱ्याला वापरायला मिळालेल्या पैशावर महिनाभर व्याजच द्यावे लागले नसते.

याच प्रकरणात दुसरा दावा येतो, आणि तो क्लासच्या बाहेरही फार ऐकू येतो : कॉल पुटपेक्षा महाग, म्हणजे बाजाराचा कल तेजीचा. त्याच स्ट्राइकच्या आणि त्याच मुदतीच्या जोडीबद्दल हे म्हणणे निव्वळ चूक आहे. बाजाराला मोठ्या हालचालीची भीती वाटली तर दोन्ही एकत्र महाग होतात. त्यांच्यातला फरक व्याज, लाभांश आणि निर्देशांकाचा आजचा भाव एवढ्यांवरच ठरतो. पुट-कॉलच्या फरकावरून कल सांगणारा माणूस नकळत मुदत ठेवीचा दर सांगत असतो.

पॅरिटीच्या बाजूने बोलताना मला दुसऱ्या टोकाच्या लोकांचाही प्रतिवाद करावा लागतो. ते म्हणतात, हे सगळे पुस्तकी आहे. ब्लॅक-शोल्ससारख्या सूत्रांत जशी गृहीतके असतात तशी यातही आहेत, बाजार काही सूत्र वाचून चालत नाही. या आक्षेपात गल्लत आहे. ब्लॅक-शोल्सला किमती कशा हलतात याचे गृहीतक लागते. पॅरिटीला ते लागत नाही. वर आपण निफ्टी २५,८००वरही नेला आणि २४,३००वरही. तो तिथे कसा पोचला याचा कुठेच संबंध आला नाही. हान्स स्टोल यांनी पॅरिटीवरचा आपला निबंध १९६९मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्स’मध्ये छापला, ब्लॅक आणि शोल्स यांचे सूत्र येण्याच्या चार वर्षे आधी. आणि बाजारातल्या माणसांना तर ही गोष्ट त्याच्याही कितीतरी आधी ठाऊक होती. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्कचा सावकार रसेल सेज याच मार्गाने कर्जे देई असे सांगतात. तिथे कायद्याने व्याजावर मर्यादा होती. सेज गिऱ्हाइकाकडून शेअर विकत घेई, त्याच्याकडूनच पुट घेई आणि त्याला कॉल विके. कागदावर कर्ज कुठेच नाही, पण तिघांच्या किमती अशा लावलेल्या की मधला फरक कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त व्याजाचा निघे. पुस्तिकेतला ‘बिनजोखमीचा नफा’ तो हाच व्यवहार. सेजला निदान माहीत होते की आपण सावकारी करतो आहोत.

तर तफावत कधीच नसते असे मला म्हणायचे आहे का? नाही. तफावत असते, पण ती मोजायची कशाविरुद्ध हे आधी ठरवायला हवे.

निर्देशांकाच्या आजच्या भावाविरुद्ध मोजणे ही पहिली चूक. तो भाव म्हणजे पन्नास शेअरांच्या भावांची बेरीज-भागाकार. तो कोणी विकत नाही. ईटीएफ घेता येतो, पण तो विकून मोकळे होण्याची गोष्ट वेगळी. उलटा व्यवहार करायचा, म्हणजे कॉल घ्यायचा, पुट विकायचा आणि निर्देशांक विकायचा, तर महिनाभरासाठी पन्नास शेअर उसने घ्यावे लागतील. आपल्याकडे शेअर उसने मिळण्याचा बाजार आहे, पण पन्नासच्या पन्नास हव्या त्या प्रमाणात, हव्या त्या दिवशी मिळतील इतका खोल नाही. म्हणून घबराटीच्या दिवसांत निफ्टीचे फ्युचर निर्देशांकाच्या खाली उतरते. जुन्या भाषेत ‘उंधा बदला’. त्या दिवशी निर्देशांकावरून हिशेब केला तर प्रत्येक स्ट्राइकवर पॅरिटी मोडलेली दिसते, आणि पुस्तिका वाचलेल्याला वाटते की सोन्याची खाण सापडली. प्रत्यक्षात ऑप्शन त्या दिवशी फ्युचरला धरून चाललेले असतात.

म्हणून आर्बिट्राजच्या टेबलावर निर्देशांकाकडे कोणी पाहत नाही. पाहतात त्याच एक्स्पायरीच्या फ्युचरकडे. फ्युचर घेता येते आणि तितक्याच सहज विकता येते. व्याज आणि लाभांशाबद्दल बाजाराचे जे काही मत असेल ते त्याच्या भावात आधीच मिसळलेले असते. त्यासाठी वेगळा अंदाज बांधावा लागत नाही. आणि सगळ्यात मोठी सोय अशी की एक्स्पायरीच्या दिवशी दोन्हींचा निकाल एकाच आकड्यावर लागतो : निर्देशांकाचा बंद भाव, जो त्यातल्या शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातल्या सरासरी भावांवरून निघतो. ऑप्शनला एक आकडा आणि फ्युचरला दुसरा, असा घोटाळा होत नाही. फ्युचर घेतले की समीकरण इतके आटोपशीर होते : स्ट्राइकमध्ये कॉल आणि पुट यांचा फरक मिळवा, त्या फरकावरचे थोडेसे व्याज धरा, आणि जे येईल ते फ्युचरच्या भावाशी ताडून पाहा. स्ट्राइक अधिक कॉल वजा पुट, याला बाजारात सिंथेटिक फ्युचर म्हणतात.

हे एकाच स्ट्राइकवर करू नये. आसपासच्या पाच-सहा स्ट्राइकांवर करावे. सगळ्या स्ट्राइकांवरून निघालेले सिंथेटिक एकमेकांशी जुळत असतील, पण तुमच्या निर्देशांकावरून केलेल्या हिशेबाशी जुळत नसतील, तर बाजार बरोबर आहे आणि तुमचा व्याजदर किंवा लाभांश चुकला आहे. एखादी मोठी कंपनी याच मुदतीत लाभांश देणार असते आणि ते तुम्ही विसरलेले असता. उलट पाच स्ट्राइक जुळतात आणि सहावाच शंभर अंश बाहेर जातो, तर बहुतेक वेळा तो भाव शिळा असतो.

शिळा भाव हा नवशिक्यांचा मोठा घात करतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. पडद्यावर ठळक दिसतो तो शेवटच्या सौद्याचा भाव. तो सौदा कधी झाला हे बारीक अक्षरात असते किंवा नसतेच. २३,५००चा कॉल घ्या. निफ्टी २५,०००वर असताना हा कॉल फार आत आहे. त्यात दिवसभरात मोजके सौदे होतात. सकाळी निफ्टी १०० अंश खाली असताना त्यात शेवटचा सौदा झाला असेल तर दुपारी तोच भाव पडद्यावर टांगलेला असतो. पुटचा भाव मात्र मिनिटापूर्वीचा. दोन वेगवेगळ्या वेळचे भाव एका समीकरणात घातले की शंभर अंशांचा ‘नफा’ निघतो. खात्री करायची सोपी खूण आहे : शेवटचा भाव सोडा, जे घ्यायचे त्याचा विकणाऱ्याने सांगितलेला भाव घ्या, जे विकायचे त्याचा घेणाऱ्याने सांगितलेला भाव घ्या, आणि त्या भावाला तुमच्या लॉटइतका माल आहे का ते बघा. मी टेबलावर बसत होतो तेव्हा सकाळी सापडलेल्या दहा तफावतींपैकी नऊ इथेच विरघळत.

आता दहावी घेऊ. भाव पुन्हा उदाहरणापुरते आहेत, पण पायऱ्या खऱ्या. फ्युचरला २५,१२० देणारा आहे. २५,०००चा कॉल ४०२ला मिळतो आहे, पुटला २९९ देणारा आहे. सिंथेटिक पडते २५,००० अधिक १०३, म्हणजे २५,१०३. फ्युचर त्याच्याहून १७ अंश महाग. स्वस्त घ्यायचे, महाग विकायचे : कॉल घ्या, पुट विका, फ्युचर विका. २५,८००वर बंद झाले तर कॉलचे ८०० मिळाले, फ्युचरमध्ये ६८० गेले, राहिले १२०. त्यातून दिलेले १०३ वजा, १७ उरले. २४,३००वर बंद झाले तर पुटमध्ये ७०० गेले, फ्युचरमध्ये ८२० मिळाले, पुन्हा १२०, पुन्हा १७. एका लॉटला १,२७५ रुपये. ही खरीखुरी तफावत आहे, शिळ्या भावाची नाही, विसरलेल्या व्याजाची नाही.

खर्च बघू. १ ऑक्टोबर २०२४पासून लागू झालेले दर धरतो. पुट विकल्यावर प्रीमियमवर ०.१ टक्के एसटीटी : २२ रुपये. फ्युचर विकल्यावर ०.०२ टक्के, आकडा लहान दिसतो, पण तो अठरा लाख चौऱ्याऐंशी हजारांवर लागतो : ३७७ रुपये. म्हणजे एकट्या या कराने सतरापैकी पाच अंश खाल्ले. दलाली, एक्स्चेंजचे शुल्क, स्टँप ड्यूटी, जीएसटी मिळून, स्वस्तातल्या ब्रोकरकडेही, सुमारे १३० रुपये. निफ्टी चढून कॉल पैशात संपला तर त्यातल्या रकमेवर ०.१२५ टक्के एसटीटी घेणाऱ्याला, म्हणजे आपल्याला, वेगळा : ८०० अंशांवर ७५ रुपये. बेरीज सहाशेच्या आसपास. हे झाले आठ अंश. म्हणजे सतरातले नऊ उरले, साधारण ६७० रुपये. आणि तफावत आठ अंशांच्या आत असेल तर ती समीकरणाच्या दृष्टीने तफावत असली तरी तुमच्यासाठी नाही. एसटीटी मोठ्या संस्थेलाही तुमच्याच दराने लागतो. फ्युचर विकून होणाऱ्या या सौद्यात पाच-सहा अंशांची फट कितीही वेगवान यंत्र असले तरी कोणी बुजवत नाही, कारण बुजवणाऱ्याला परवडत नाही. बाजारात पॅरिटी रेषेसारखी नसते, पट्ट्यासारखी असते. त्या पट्ट्यात रोज दिसणारे आकडे छापून ‘बघा, मोडली’ म्हणणे म्हणजे मोजपट्टीच्या जाडीला लांबी समजणे.

तरीही ६७० रुपये आहेतच की, असे भाचा म्हणाला. आहेत. आता ते कशावर मिळाले ते पाहू, कारण पुस्तिका पुन्हा इथेच गप्प आहे. एक्स्चेंज या तीन पायांना एकमेकांचा आधार मानते, म्हणून पूर्ण मार्जिन लागत नाही, पण शून्यही लागत नाही. समजा ८० हजार अडकले. त्यावर ६७० म्हणजे वर्षाला दहा टक्के, वाईट नाही. आता निफ्टी खरोखर २५,८००कडे निघाला. फ्युचरचा हिशेब रोज संध्याकाळी रोख चुकता होतो. ऑप्शनचा होत नाही, तो एक्स्पायरीला. फ्युचरमधले ६८० अंश, म्हणजे ५१ हजार रुपये, तुम्हाला महिनाभरात खिशातून भरावे लागतील. कॉलमध्ये तेवढेच तुमचे जमा झालेले आहेत, पण ते फक्त पडद्यावर. त्यांतून आजची भरणी होत नाही. म्हणजे शेवटी अडकले एक लाख एकतीस हजार. त्यावर ६७० म्हणजे महिन्याला अर्धा टक्का, वर्षाला ६.२ टक्के. बिनजोखमीचा नफा शोधायला निघालेला माणूस तीन सौदे करून, रोज संध्याकाळी भरणी करून, पुन्हा ठेवीच्याच दारात उभा राहिला.

आणि ते ५१ हजार वेळेवर भरले नाहीत तर ब्रोकर फ्युचरचा पाय कापतो. उरतात कॉल आणि पुट, आणि मग जोखीम शून्य राहत नाही. खरा आर्बिट्राजवाला इथे वेगळा ठरतो. त्याच्याकडे अक्कल जास्त असते म्हणून नव्हे. त्याचे तारण सरकारी रोख्यांत असते आणि त्यावर त्याला व्याज मिळत राहते, भरणीची रोकड तयार असते, आणि तिन्ही पाय एकाच क्षणी टाकणारी व्यवस्था असते. हाताने एकामागून एक तीन ऑर्डर टाकणाऱ्याचा दुसरा पाय लागेपर्यंत १७चे ९ झालेले असतात, आणि ९ म्हणजे पट्ट्याची कड.

पुस्तिकेचे शेवटचे उदाहरण एका शेअरच्या ऑप्शनचे आहे, आणि तिथे आणखी एक पाय घसरतो. आपल्याकडे शेअरवरचे ऑप्शन २०११च्या आधी अमेरिकन पद्धतीचे होते, म्हणजे मुदतीआधी केव्हाही वटवता येत. त्या पद्धतीत पॅरिटीची बरोबरी टिकत नाही. रॉबर्ट मर्टन यांनी १९७३मध्ये स्टोल यांच्या निबंधावर हाच मुद्दा काढला. विकलेला पुट समोरच्याने मध्येच वटवला की तुमच्या रचनेतला एक पाय तीस दिवस थांबत नाही. तिथे फक्त वरची आणि खालची मर्यादा सांगता येते. आज आपले शेअरचे ऑप्शन युरोपियन आहेत, पण परदेशी पुस्तकांतली शेअरची उदाहरणे बहुधा अमेरिकन पद्धतीची असतात आणि ती तशीच उचलली जातात. शिवाय ऑक्टोबर २०१९पासून आपल्याकडे शेअरच्या सगळ्या डेरिव्हेटिव्हचा निकाल प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन लागतो. मग डिलिव्हरीचा एसटीटी लागतो, शंभर रुपयांना दहा पैसे. २५,०००च्या मापात तो २५ अंश होतो. वरचे सतरा अंश त्यात बुडून जातात.

माझ्या विरोधकांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा मीच देतो, कारण तो पुस्तिकेतल्या कुठल्याही उदाहरणापेक्षा चांगला आहे. मार्च २०००मध्ये थ्रीकॉम या अमेरिकन कंपनीने आपल्या पाम या कंपनीचा सुमारे पाच टक्के हिस्सा बाजारात विकला. पामचा शेअर इतका चढला की पामचा बाकी जवळपास सगळा हिस्सा बाळगणारी थ्रीकॉम त्या हिश्शापेक्षाही स्वस्त झाली. पामवर ऑप्शन सुरू झाले तेव्हा पुट कॉलपेक्षा खूप महाग होते, आणि कॉल-पुटवरून निघणारा पामचा कृत्रिम भाव खऱ्या भावाच्या बराच खाली होता. ओवेन लॅमाँट आणि रिचर्ड थेलर यांनी हे प्रकरण तपशिलाने मांडले. ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे होते हे धरूनही ती तफावत समजावता येत नाही. पॅरिटी उघड मोडलेली होती, आठवडेच्या आठवडे.

मग ती कोणी बुजवली का नाही? नफा घेण्यासाठी पामचा शेअर उसना घेऊन विकावा लागे, आणि बाजारात हिस्साच इतका थोडा होता की उसना शेअर मिळत नसे. मिळाला तर त्याचे भाडे भरमसाठ. महाग पुटमध्ये ते भाडेच भरले होते. म्हणजे इथेही विसरलेले एक पद होते, फक्त त्याचे नाव व्याज किंवा लाभांश नव्हते. ज्याच्याकडे पाम आधीपासून होता त्याला मात्र खरेच काही करता आले असते : शेअर विकायचा, कॉल घ्यायचा, पुट विकायचा. तेवढ्या थोड्या लोकांसाठी ती तफावत नफा होती. बाकीच्यांसाठी ते ज्या शेअरला हात लागत नाही त्याचे भाडे होते.

भाच्याने शेवटी पुस्तिकेतल्या चौकटीवर पेन्सिलीने दोन ओळी लिहिल्या : ‘लागलेले पैसे १८,६६,०००. दिवस ३०.’ पुढच्या शनिवारी त्याने शिकवणाऱ्या सरांना त्या दाखवल्या. सर म्हणाले, भांडवल कितीही असो, नफा तो नफा. मग त्याने विचारले, ‘सर, मग बँकेचं व्याजही आर्बिट्राज का?’ वर्गात हशा झाला म्हणे. उत्तर पुढच्या बॅचला मिळेल असे कळते.